तीन फेकींचा डाव: दुसऱ्या नंबरने निवडूनही हरत असाल तर या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेजवळ संध्याकाळी मी आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवतो. विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की कोणीतरी हा नाण्याचा डाव मांडतंच. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने मांडला होता. आठवड्याभराने ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, नियम बरोबर लावतेय की वो, तरी काही ओळींविरुद्ध निम्मे डाव जातायत." वही पाहिल्यावर चूक सापडली. तीच चूक नंतर मला बऱ्याच मुलांच्या हातून होताना दिसली, म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

डाव सोपा आहे. पहिला खेळाडू तीन फेकींची एक ओळ निवडतो, उदाहरणार्थ छापा-छापा-काटा. ती ऐकून दुसरा आपली वेगळी ओळ सांगतो. मग एकच नाणं सलग उडवत राहायचं आणि येईल ते लिहीत जायचं. ज्याची ओळ आधी उमटेल तो जिंकला. 1969 साली वॉल्टर पेनी यांनी हा प्रश्न मांडला, म्हणून याला पेनीचा खेळ म्हणतात. पुढे छापा म्हणजे 'छा' आणि काटा म्हणजे 'का' असं लिहितो.

दुसऱ्याचं पारडं नेहमी जड ठेवणारा नियम असा आहे. समोरच्याच्या ओळीतलं मधलं अक्षर घ्या, ते उलटं करा आणि सगळ्यात पुढे ठेवा. त्यामागे समोरच्याची पहिली दोन अक्षरं जशीच्या तशी लावा. त्याचं तिसरं अक्षर सोडून द्या. तो छाछाका म्हणाला तर तुम्ही काछाछा म्हणायचं. तो छाकाछा किंवा छाकाका म्हणाला तर दोन्ही वेळा छाछाका. तो छाछाछा म्हणाला तर काछाछा. उरलेल्या चार ओळींसाठी छा आणि का यांची अदलाबदल केली की झालं.

उलटं करायचं ते मधलं, पहिलं नव्हे

त्या मुलीची चूक हीच होती. ती समोरच्याचं पहिलं अक्षर उलटं करून पुढे ठेवत होती. गंमत अशी की ही चूक अर्ध्या वेळा दिसतच नाही. समोरच्याने छाछाका निवडलं तर पहिलं आणि मधलं अक्षर सारखंच असतं, मग कुठलंही उलटं करा, उत्तर काछाछाच येतं. तिच्या वहीत अशा ओळींविरुद्ध 20 पैकी 16 डाव जिंकलेले होते, त्यामुळे नियम बरोबर आहे असं तिला वाटत राहिलं.

पण समोरच्याने छाकाका निवडलं की ती काछाका घ्यायची. तिथे 24 पैकी 13 डाव, म्हणजे जवळजवळ निम्मेच. हा योगायोग नाही. छाकाका आणि काछाका यांचा सामना मुळातच बरोबरीचा आहे. सुरुवातीची दोन अक्षरं वेगळी असलेल्या चार ओळी घ्या, छाकाछा, छाकाका, काछाका आणि काछाछा. त्यांच्याविरुद्ध पहिलं अक्षर उलटं करून उत्तर दिलं तर चारही ठिकाणी जिंकण्याची शक्यता नेमकी निम्मी राहते. म्हणून तुमच्या वहीत दोन सारख्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळींविरुद्ध भरपूर विजय आणि बाकीच्यांविरुद्ध निम्मे असं चित्र दिसत असेल, तर नाणं तपासत बसू नका. तुम्ही चुकीचं अक्षर उलटं करताय.

मुळात हे घडतं कशामुळे

नियम पाठ केला आणि कारण कळलं नाही, तर तो आठवड्यात विसरतो. म्हणून एक सामना नीट पाहू. समोरच्याचं छाछाका, तुमचं काछाछा. त्याला जिंकायला आधी लागोपाठ दोन छा हवेत. आता विचार करा, लिहिलेल्या माळेत लागोपाठ दोन छा पहिल्यांदा आले, तर त्यांच्या अगदी आधी काय असेल? तिथे छा असता तर दोन छा आधीच आले असते. म्हणजे तिथे काटाच असणार, आणि का, छा, छा ही तर तुमची ओळ! तो तिसऱ्या अक्षराची वाट पाहत बसतो तेव्हा तुमचा डाव पूर्ण झालेला असतो.

यातून त्याची सुटका एकाच वाटेने होते. ते दोन छा डावाच्या अगदी सुरुवातीलाच पडायला हवेत, म्हणजे त्यांच्या आधी काहीच नसेल. पहिल्या दोन फेकी छा-छा पडण्याची शक्यता चारात एक. तसं झालं की तो जिंकणारच, कारण पुढे कधी ना कधी काटा पडतो आणि तुमच्या ओळीला सुरुवात करायलाही आधी काटाच लागतो. म्हणून तुमचा वाटा चारात तीन. त्याने छाछाछा निवडलं तर पहिल्या तिन्ही फेकी छा पडल्या तरच तो वाचतो, म्हणजे आठात एक वेळा.

दुसरा सामना थोडा वेगळा आहे. समोरच्याचं छाकाछा, तुमचं छाछाका. सुरुवातीला कितीही काटे पडोत, त्याने काही बिघडत नाही. पहिला छा पडला की खरा खेळ सुरू. पुढची फेक छा आली तर तुमचा विजय पक्का, कारण आता फक्त एक काटा हवा, आणि तो येईपर्यंत छा कितीही आले तरी तुमच्याजवळचे शेवटचे दोन छा-छाच राहतात. पुढची फेक का आली तर त्याच्या हातात छाका आहे. मग छा पडला तर तो जिंकला, आणि का पडला तर दोघंही परत पहिल्या छापाची वाट पाहणार. म्हणजे पहिल्या छापानंतर तुम्ही अर्ध्या वेळा जिंकता, तो पाव वेळा, आणि उरलेल्या पाव वेळा सगळं पहिल्यापासून. दोनास एक असं हे प्रमाण आहे, म्हणून तुमची शक्यता तीनात दोन.

दोन्हीकडे गोष्ट एकच. समोरच्याची पहिली दोन अक्षरं तुमची शेवटची दोन आहेत, म्हणजे त्याची तयारी होते तिथे तुमचा शेवट होतो. आणि मधलं अक्षर उलटं का, तर त्याची शेवटची दोन अक्षरं तुमची पहिली दोन होऊ नयेत म्हणून. तसं झालं तर उलट तोच तुमच्या पुढे जाऊन बसेल.

नेमकी हीच चूक काही मुलं करतात. त्यांच्या लक्षात "दोन अक्षरं त्याचीच घ्यायची" एवढंच राहिलेलं असतं. मग समोरच्याच्या छाछाकामधली शेवटची दोन उचलून ती छाकाका घेतात. आता वर पाहा, छाकाकाला खरं उत्तर कोणतं? छाछाका, म्हणजे समोरच्याचीच ओळ. दुसऱ्यांदा निवडूनही तुम्ही तीनात दोन डाव हरणार. बरोबरीच्याही खाली निकाल जात असेल, तर ही शंका आधी घ्या.

तीन-तीनचे गट पाडू नका

प्रदर्शनात वेळ कमी असतो, म्हणून मुलं तीन नाणी एकदम उधळतात, दोघांपैकी कोणाचं जुळलं का पाहतात, नाही तर परत तिन्ही उचलतात. असं केलं की दुसऱ्याचा सगळा फायदा गेला. तीन फेकींच्या स्वतंत्र गटात आठही ओळी अगदी सारख्या शक्यतेच्या आहेत, आणि दोघांचा वाटा समान होतो. फायदा येतो तो ओळी एकमेकींवर चढतात त्यातून. छा, का, छा, छा अशा चार फेकी झाल्या तर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या फेकीत काछाछा लपलेलं आहे. गट पाडणाऱ्याला पहिले तीन आणि एकटा चौथा एवढंच दिसेल. एकच नाणं, एकच लांब माळ, आणि दर फेकीनंतर फक्त शेवटची तीन अक्षरं तपासायची. मी मुलांना कागदाच्या पट्टीला तीन अक्षरांएवढी खिडकी कापायला लावतो. ती खिडकी माळेवर एकेक घर पुढे सरकवली की चुकायला जागा राहत नाही.

"जिंकणारी ओळ" म्हणून एक पक्की करू नका

काछाछाने एका दुपारी दहा डाव जिंकून दिले, म्हणून दुसऱ्या दिवशी तीच ओळ आधी सांगून बसणारी मुलं मी पाहिली आहेत. सगळ्यांना पुरून उरेल अशी ओळ या खेळात नाहीच. काछाछा छाछाकाला हरवते. काकाछा काछाछाला हरवते. छाकाका काकाछाला हरवते. आणि छाछाका परत छाकाकाला हरवते! रांग फिरून जिथून निघाली तिथेच येते. दुसऱ्याचा फायदा याच चक्रात आहे. समोरचा चक्रात कुठेही उभा राहो, त्याच्यापुढचं घर तुम्हाला मोकळं असतं, पण त्यासाठी तो आधी बोललेला हवा.

इथे हुशार मुलंही फसतात. एखादी ओळ यायला सरासरी किती फेकी लागतात हे ती काढतात आणि कमी फेकींची ओळ चांगली असं ठरवतात. छाछाकाला सरासरी 8 फेकी लागतात आणि काछाछालाही 8 च. तरी समोरासमोर काछाछा चारात तीन वेळा जिंकते. एकटं धावून किती वेळ लागतो आणि शर्यतीत कोण पुढे येतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पाच डावांवरून नियमाला दोष देऊ नका

दुसरा "नेहमी" जिंकतो असं आपण म्हणतो, त्याचा अर्थ त्याचं पारडं नेहमी जड असतं एवढाच. एकेक डाव तो हरू शकतो. तीनात दोनची शक्यता धरून पाच डावांचा सामना खेळलात, तर सामना जिंकण्याची शक्यता 81 पैकी 64, साधारण 79 टक्के. म्हणजे सगळं बरोबर करूनही पाचांत एखादा सामना जाणारच. तपासायचं असेल तर निदान पन्नास डाव लिहा, आणि समोरच्याची ओळ प्रत्येक डावापुढे वेगळी नोंदवा. त्या मुलीची चूक सापडली ती तिने तसं लिहिलं होतं म्हणूनच. सगळे 44 डाव एकत्र मोजले असते तर 29 विजय दिसले असते, म्हणजे तीनात दोनच्या जवळ, आणि कोणालाच काही खटकलं नसतं.

आणि पहिल्यांदा निवडायची पाळी तुमच्यावरच आली तर? दोन सारख्या अक्षरांनी सुरू होणारी ओळ घेऊ नका. छाछाछा घेतलीत तर आठात एक, छाछाका घेतलीत तर चारात एक डाव तुमचा. छाकाछा, छाकाका किंवा त्यांच्यात छा-का अदलाबदल करून मिळणाऱ्या ओळी घेतल्यात तर समोरच्याने कितीही नेमकं उत्तर दिलं तरी तीनात एक डाव तुमच्याकडे राहतो. याहून जास्त पहिल्याला मिळत नाही.