बोअरचा पंप कोरडा चालून जळू नये म्हणून ड्राय रन रिले कसा बसवावा आणि सेट करावा

स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले आहे, तेव्हा मोटार सुरक्षित आहे, ही समजूत प्रथम सोडून द्यावी. बोअरमधले पाणी पंपाच्या जाळीखाली गेले की इम्पेलरला उचलायला काही उरत नाही आणि मोटारीचा करंट वाढण्याऐवजी कमी होतो. ओव्हरलोड रिले वाढलेला करंट पाहूनच तुटतो, म्हणजे मोटार बंद करतो, सिंगल फेज प्रिव्हेंटर फक्त फेज गेली की जागा होतो, त्यामुळे कोरड्या पंपाच्या बाबतीत दोघेही स्वस्थ बसून राहतात. दरम्यान पंपाचे बुश कोरडे घासतात आणि प्लॅस्टिकचे इम्पेलर वितळून जागेवरच धरतात. मोटार पंपाच्या खाली असते आणि तिच्या अंगावरून जाळीकडे वाहणारे पाणीच तिला थंड ठेवते. ते वाहणे थांबले की मोटार पाण्यात बुडालेली असूनही आतून तापू लागते आणि वाइंडिंगच्या वायरचे आवरण मऊ पडते.

यावर दोन उपाय बाजारात मिळतात. एक म्हणजे बोअरमध्ये सेन्सर सोडून पातळी पाहणारा वॉटर लेव्हल गार्ड, आणि दुसरा म्हणजे करंट पाहणारा ड्राय रन रिले. सेन्सरचे उपकरण विहिरीला उत्तम आहे, पण बेसॉल्टमधल्या बोअरला मी ते सुचवत नाही. वरच्या भेगेतून झिरपणारे पाणी सेन्सरवर पडत राहते आणि खाली बोअर कोरडी असतानाही उपकरणाला पाणी दिसते. शिवाय पंप सोडताना व ओढताना सेन्सरची वायर केसिंगला घासून तुटते.

रिले बसवणे सोपे आहे. मेन स्विच बंद करून टेस्टरने खात्री करावी आणि रिलेचा संपर्क कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वायरमध्ये सीरिजमध्ये जोडावा. करंट मोजणाऱ्या कडीतून मोटारीकडे जाणारी एक फेज न्यावी, मात्र ही कडी कपॅसिटरच्या पुढे, म्हणजे मोटारीच्या बाजूला असावी. कपॅसिटरच्या मागे घातलेल्या कडीला मोटार आणि कपॅसिटर यांचा एकत्रित करंट दिसतो. पुढे कपॅसिटर म्हातारा होतो, तो आकडा बदलतो आणि केलेले सेटिंग कोणाच्या नकळत निरुपयोगी ठरते.

खरी अडचण सेटिंगची आहे, आणि मलाही ती समजायला वेळ लागला. "चालू करंटच्या निम्म्यावर ठेवा" असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे, कारण सबमर्सिबल मोटार रिकामी फिरतानाही मोठा करंट ओढते. समजा, पाच एचपीची मोटार ४१० व्होल्टला पाणी भरपूर असताना ८.६ अँपिअर घेते. तीच मोटार कोरडी फिरताना साधारण ५.३ अँपिअर घेईल. निम्मे म्हणजे ४.३ अँपिअर. तिथे ठेवलेला रिले मोटार जळेपर्यंत तुटणार नाही. उलट टोकाचा सल्ला असतो "दहा टक्के खाली ठेवा" असा. पावसाळ्यात पातळी वर असताना केलेले ते ७.७ चे सेटिंग उन्हाळ्यात त्रास देते. पातळी खोल गेली की पंप कमी पाणी उचलतो, करंट ७.६ वर येतो आणि पाणी असूनही रिले तुटत राहतो. अशा वेळी शेतकरी कंटाळून रिले बायपास करतो, आणि मोटारी बहुधा त्यानंतरच जळतात.

तेव्हा सेटिंग एप्रिल-मे महिन्यात, टाँग टेस्टर हातात घेऊन करावे. तीन आकडे लागतात. पहिला, सर्वांत खोल पातळीला पाणी चालू असतानाचा करंट, आपल्या उदाहरणात ७.६. दुसरा, डिलिव्हरी व्हॉल्व्ह काही सेकंद बंद केल्यावरचा करंट, समजा ६.७. कॉलम पाइप जुना असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद करू नये, कारण त्या वेळी पाइपवर सर्वाधिक दाब येतो. तिसरा आकडा कोरड्या चालीचा. तो मिळवण्यासाठी पंप कोरडा चालवू नये, मोटार रिवाइंड करणाऱ्याने चाचणीत नोंदलेला रिकाम्या चालीचा करंट त्याच्याकडून मागून घ्यावा.

आता व्होल्टेजचा विचार करावा लागतो, आणि बहुतेक जण इथेच फसतात. रात्री उशिरा शेजारचे पंप बंद झाले की व्होल्टेज ४४० पर्यंत चढते आणि रिकाम्या चालीचा करंट ५.३ वरून सहाच्या आसपास जातो. त्यामुळे दिवसा मोजून ५.८ वर ठेवलेला रिले रात्री, नेमके पाहायला कोणी नसताना, कोरडी मोटार चालू देतो. या मोटारीला मी ७ अँपिअर ठेवेन. तो आकडा रात्रीच्या कोरड्या चालीच्या बराच वर आहे, बंद व्हॉल्व्हच्याही वर आहे आणि उन्हाळ्यातल्या कामाच्या करंटच्या खाली आहे.

ट्रिप होण्याचा विलंब चार-पाच सेकंदांचा पुरेसा असतो. पाणी संपत आले की पंप पाण्याबरोबर हवा ओढतो आणि करंट खालीवर नाचतो. विलंब पंधरा सेकंदांचा असेल तर प्रत्येक उसळीला रिलेची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि तो तुटतच नाही.

उन्हाळ्यातला कामाचा करंट आणि रात्रीचा कोरडा करंट यांत एक अँपिअरचेही अंतर नसेल, तर करंट पाहणाऱ्या रिलेशी झटापट करू नये, वॅट पाहणारा रिले घ्यावा. आपल्या उदाहरणात कोरड्या चालीला करंट सुमारे चाळीस टक्क्यांनीच घटतो, पण वीज ५ किलोवॉटवरून सव्वा किलोवॉटच्याही खाली येते. एवढ्या मोठ्या फरकात व्होल्टेजचा चढउतार सहज सामावतो. वॅट पाहणारा रिले महाग असतो, पण मोटार ओढून रिवाइंड करण्याच्या खर्चाहून स्वस्तच पडतो.

शेवटचे काम पुन्हा चालू होण्याच्या टायमरचे. साडेसहा इंची बोअरमध्ये प्रत्येक मीटर उंचीला सुमारे २१ लिटर पाणी मावते. पंपावर ४० मीटर पाणी उभे असेल तर साठा साडेआठशे लिटरचा झाला. पंप सेकंदाला दोन लिटर उपसतो आणि झऱ्यातून एक लिटर येते, असे धरले तर चौदा मिनिटांत बोअर रिकामी होते आणि भरायला निदान तेवढाच वेळ लागतो. प्रत्यक्षात जास्तच लागतो, कारण पातळी वर येते तसा झरा मंदावतो. म्हणून टायमर पाच मिनिटांवर ठेवू नये, अर्ध्या तासाच्या आत आणू नये. प्रत्येक सुरुवातीला मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि वारंवारच्या सुरुवातींनीही वाइंडिंग तापते.

तरीही दर चौदा मिनिटांनी ट्रिप होत असेल, तर डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा आवळून उपसा झऱ्याच्या जवळ आणावा. मात्र व्हॉल्व्ह आवळला की कामाचा करंटही उतरतो, त्यामुळे तो पुन्हा मोजून रिलेचा आकडा नव्याने ठरवावा आणि व्हॉल्व्हच्या त्या जागेवर रंगाची खूण करून ठेवावी, म्हणजे दुसऱ्या कोणी तो हलवला तर लगेच कळते.