ऑपरेशनची तारीख विसरलात? माफी मागताना या चुका टाळा

एप्रिलात देवगडात पहाटेपासून आंब्याची काढणी, भरणी आणि गाडी एवढंच चालतं. त्याच दिवसांत माझ्या शाळेपासूनच्या मित्राचं हर्नियाचं ऑपरेशन कोल्हापूरला झालं. तारीख त्याने पंधरा दिवस आधी सांगितली होती. मला आठवली ती पाच दिवसांनी. लगेच मेसेज टाकला, ‘सॉरी रे, सीझनच्या गडबडीत राहूनच गेलं. लवकर बरा हो. काही लागलं तर सांग.’ खाली फुलांचा गुच्छ. उत्तर आलं, ‘बरा हा.’ एरवी पाच-पाच मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवणारा माणूस दोन शब्दांत थांबला, तेव्हा माफी पोचली नाही हे कळलं.

चुकलं होतं ते सुरुवातीलाच. सीझन त्यालाही होता. भर हंगामात बाग गड्यांवर सोडून तो खाटेवर पडला होता आणि मी त्याला गडबड सांगत होतो. शिवाय ‘राहून गेलं’ म्हटलं की ते आपोआप घडल्यासारखं वाटतं. ‘मी विसरलो’ असं सरळ म्हणायला जीभ अडखळते, पण तेच म्हणायला हवं.

‘काही लागलं तर सांग’ ही तर मोठीच चूक. हर्नियानंतर डॉक्टर सहसा ४ ते ६ आठवडे वजन उचलू देत नाहीत, आणि आंब्याचा भरलेला क्रेट वीस किलोच्या आसपास जातो. म्हणजे त्याला काय लागणार हे मला ठाऊक होतं. तरी मागायचं ओझं मी त्याच्यावरच टाकलं. जो तारीख विसरला, त्याच्याकडे कोण मागणार?

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. म्हणालो, ‘मंगळवारी तुझं ऑपरेशन होतं आणि मी विसरलो. वहिनी तिथे एकटी बसून होती, तेव्हा माझा साधा फोनही नाही आला. माझं चुकलं.’ पुढे गप्प राहिलो. हे सगळ्यात कठीण. ‘मला रात्रभर झोप नाही’ वगैरे सांगितलं असतं, तर उलट त्यालाच माझी समजूत काढावी लागली असती. थोड्या वेळाने तो बोलला, ‘दर वेळी फोन वाजला की वाटायचं तूच असशील.’ मी खुलासा केला नाही, ऐकून घेतलं. निघताना म्हटलं, ‘उद्यापासून गाडी भरायला सकाळी सहाला मी येतो.’

वाढदिवस विसरला असेल, तर एवढं लागत नाही. ग्रुपवर केक न टाकता थेट फोन करा आणि ‘काल विसरलो’ म्हणा, पुरे.

घरी येऊन त्याच्या टाके तपासणीची तारीख मोबाईलमध्ये घातली, आदल्या संध्याकाळच्या अलार्मसकट. त्या संध्याकाळी फोन केला, ‘उद्या कोल्हापूरला मी सोडतो.’ यावेळी तो बराच वेळ बोलला, त्यातला निम्मा वेळ आंब्याच्या भावावर.