जॉब कार्डच्या फोटोवरून सर्व्हिसच्या नोंदी भरताना या चुका टाळा

वर्कशॉपच्या जॉब कार्डावर तीन प्रकारचा मजकूर एकत्र असतो: मालकाने सांगितलेल्या तक्रारी, सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने गाडी घेताना दिलेला खर्चाचा अंदाज आणि गाडीवर प्रत्यक्ष झालेले काम. फोटोतील मजकूर मोबाइलने किंवा संगणकाने उतरवून घेतला की हे तिन्ही प्रकार एकाच यादीत मिसळतात आणि न झालेले काम झाले म्हणून नोंदले जाते. रकमेतील चूक त्रासदायक असली तरी ती पुढे सापडते. पण न बदललेले ब्रेक पॅड नोंदीत ‘बदलले’ असे पडले, तर त्या भरवशावर पुढच्या सर्व्हिसला कोणी ते तपासायला सांगतही नाही.

एका पेट्रोल हॅचबॅकचे कार्ड नमुन्यादाखल घेऊ. तारीख ०५/०३/२६ आणि रीडिंग ३८,४२० किलोमीटर. पार्ट्समध्ये इंजिन ऑइल साडेतीन लिटर, ४२० रुपये लिटर दराने १,४७० रुपये. ऑइल फिल्टर १८०, ड्रेन प्लगचा वॉशर ३० आणि एअर फिल्टर ४२० रुपये. पुढचे ब्रेक पॅड १,६५० रुपये, पण या ओळीवर पेनाने आडवी रेघ मारलेली आहे. लेबरमध्ये पिरियॉडिक सर्व्हिस ९००, व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ६००, ब्रेक क्लीनिंग ३०० रुपये. खाली शेरा आहे: ‘पुढचे पॅड ३ मिमी, पुढील सर्व्हिसला बदलणे.’ पार्ट्सची बेरीज २,१००, लेबरची १,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७०२ आणि एकूण ४,६०२ रुपये.

या कार्डावर ब्रेकचा उल्लेख तीन ठिकाणी आहे. अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर खोडलेली ओळ बहुधा मजकूर म्हणूनच वाचते, कारण त्याच्या लेखी ती रेघ म्हणजे कागदावरचा एक डाग असतो. मग पॅडची ओळ, ब्रेक क्लीनिंगची मजुरी आणि खालचा शेरा असे तिन्ही जुळून ‘ब्रेक पॅड बदलले’ ही नोंद अगदी खरी वाटू लागते. म्हणून प्रत्येक ओळीसमोर ‘स्थिती’ असा एक स्वतंत्र रकाना ठेवावा आणि त्यात बदलला, तपासला, साफ केला किंवा सुचवला यांपैकी एकच शब्द लिहावा. ‘बदलला’ हा शब्द लिहिण्यासाठी त्या पार्टची न खोडलेली ओळ पार्ट्सच्या रकान्यात दिसली पाहिजे. केवळ मजुरीची ओळ पुरेशी नाही. ‘R/R’ सारखी खूण पार्ट काढून तोच परत बसवल्याचीही असू शकते, त्यामुळे तिच्यावरून नवा पार्ट बसवल्याचा निष्कर्ष काढू नये.

याच्या उलट चूकही होते. वॉरंटीत किंवा मोफत बदललेल्या पार्टसमोर रक्कम शून्य असते आणि रिकाम्या किंवा शून्य रकमेच्या ओळी गाळताना तो पार्ट नोंदीतून निसटतो. पैसे लागले नसले तरी पार्ट नवा आहे, म्हणून ती ओळ राहिलीच पाहिजे.

ओळ घ्यायची की सोडायची याचा निवाडा कार्डावरची बेरीजच करते. वरच्या कार्डात पॅडची ओळ धरली तर पार्ट्स ३,७५० रुपयांचे होतात आणि छापील २,१०० शी जमत नाहीत. म्हणजे ती ओळ बिलात नाही. दशांश चिन्हाचेही तसेच आहे. कार्बन प्रतीवरचा फिकट टिंब फोटोत उमटला नाही तर ३.५ लिटर ऑइल ३५ लिटर होते, पण ३५ गुणिले ४२० म्हणजे १४,७०० रुपये होतात आणि समोर १,४७० लिहिलेले असते. स्प्रेडशीटमध्ये नग C, दर D आणि रक्कम E या रकान्यांत ठेवल्यास प्रत्येक ओळीपुढे हे सूत्र द्यावे:

```
=ROUND(C2*D2,2)=E2
```

उत्तर FALSE आले तर आकडा अंदाजाने दुरुस्त न करता फोटोतील ती ओळ मोठी करून पाहावी. मात्र काही वर्कशॉप दर करासह आणि रक्कम कराविना लिहितात. तिथे प्रत्येक ओळ FALSE येईल, आणि सगळ्याच ओळी चुकल्या असतील तर दोष वाचनाचा नसून दराच्या रकान्याच्या अर्थाचा असतो.

कर नेहमी वेगळा नोंदवावा. एकूण रकमेला १.१८ ने भागून मूळ रक्कम काढण्याची सवय जुन्या कार्डांवर फसते, कारण २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी बऱ्याच ऑटो पार्ट्सवर २८ टक्के आणि मजुरीवर १८ टक्के जीएसटी होता. त्या तारखेपासून सर्व ऑटो पार्ट्स १८ टक्क्यांवर आले. शिवाय जॉब कार्डावरची रक्कम अंदाजाची असू शकते. खर्च म्हणून टॅक्स इनव्हॉइसवरचीच रक्कम धरावी आणि कामाचा तपशील कार्डावरून घ्यावा.

किलोमीटर रीडिंगबाबत ‘आधीच्या नोंदीपेक्षा जास्त असले की झाले’ एवढी चाचणी अपुरी आहे. आपल्या उदाहरणात आधीची सर्व्हिस २ सप्टेंबर २०२५ रोजी २८,१५० किलोमीटरला झाली होती. आता ३८,४२० मधला ८ घाईच्या अक्षरात ३ वाचला गेला तर ३३,४२० मिळते, तेही २८,१५० पेक्षा जास्तच आहे आणि सहा महिन्यांत पाच हजार किलोमीटर धावणारी गाडी काही नवलाची नाही. चूक उघड होते ती कार्डाच्या तळाशी: पुढील सर्व्हिस ४८,४२० किलोमीटर किंवा ०५/०९/२६, यांपैकी जे आधी येईल ते. अंतर दहा हजार किलोमीटरचे असेल तर आजचे रीडिंग ३८,४२० च असले पाहिजे.

तारखेलाही हीच कसोटी लावता येते. स्प्रेडशीटची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर ०५/०३/२६ ही ३ मे आणि ०५/०९/२६ ही ९ मे होते, म्हणजे दोन सर्व्हिसमध्ये अवघे सहा दिवस! अंतर असे हास्यास्पद निघाले की दिवस आणि महिना उलटले हे नक्की. नोंद करताना 2026-03-05 असेच वर्ष-महिना-दिवस लिहावे आणि पुढची तारीख =EDATE(B2,6) या सूत्राने काढून कार्डावरच्या तारखेशी ताडून पाहावी. एखाद्या दिवसाचा फरक निघाला तर वर्कशॉपने गाडी दाखल झाल्याऐवजी परत दिल्याच्या दिवसापासून सहा महिने मोजले असण्याची शक्यता असते. अशा वेळी कार्डावरची तारीख कायम ठेवावी.

महाराष्ट्रातील लहान गॅरेजच्या कार्डांवर आणखी एक अडचण येते. आकडे अर्धे देवनागरीत आणि अर्धे इंग्रजीत असतात, आणि फक्त इंग्रजीसाठी लावलेले सॉफ्टवेअर देवनागरी १ ला 9 समजू शकते. टेसरॅक्ट वापरत असाल तर दोन्ही भाषा द्याव्यात:

```
tesseract card.jpg out -l mar+eng --psm 6
```

हे छापील कार्डापुरते उपयोगी आहे. हस्ताक्षरासाठी टेसरॅक्टवर विसंबू नये, ते आकडे स्वतः टाइप करावेत.

फोटो काढताना कागद सपाट ठेवून कॅमेरा बरोबर वर धरावा आणि फ्लॅश बंद ठेवून खिडकीचा उजेड घ्यावा. कागदाची घडी बेरजेच्या ओळीवरून जात असेल तर तेवढ्या भागाचा वेगळा फोटो घ्यावा, कारण ती बेरीजच नसेल तर वरची पडताळणी करता येत नाही.

शेवटी, पुढच्या सर्व्हिसच्या नोंदीत तारीख आणि किलोमीटर असे दोन्ही रकाने भरावेत. केवळ ५ सप्टेंबरची आठवण लावली आणि गाडी महिन्याला अडीच हजार किलोमीटर धावली, तर ४८,४२० चा टप्पा जुलैच्या सुरुवातीलाच येतो. शेऱ्यातले ३ मिमीचे पॅडही याच नोंदीत ‘सुचवला’ म्हणून पुढे न्यावेत, म्हणजे गाडी वर्कशॉपला देताना ते कामाच्या यादीत पहिले दिसतील.