लॅपटॉपच्या कीबोर्डवर चहा सांडल्यानंतर चुकीची अक्षरं उमटत असतील तर काय करावं

चहा सांडून दोन-तीन दिवस झाले आहेत. लॅपटॉप चालू होतो, पडदा ठीक आहे, पण काही बटणं दाबली तरी काहीच उमटत नाही आणि काही बटणं भलतंच अक्षर देतात. हा लेख या अवस्थेसाठी आहे, आणि उदाहरण दूध-साखरेच्या चहाचं घेतलं आहे, कारण साध्या पाण्यापेक्षा तो जास्त त्रास देतो आणि साफ करण्याची रीतही वेगळी लागते.

चहा आत्ताच सांडला असेल तर आधी चार्जर काढा, पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करा आणि तो उलटा, तंबूसारखा उभा ठेवा. किमान दोन दिवस चालू करू नका. तांदळात पुरून ठेवल्याने आतला ओलावा निघत नाही. हेअर ड्रायरची गरम हवा प्लास्टिक वाकवते आणि द्रव आणखी आत ढकलते.

आधी खात्री करा की बिघाड खरंच कीबोर्डचा आहे

सांडासांडीच्या गडबडीत कधीकधी एखादी सेटिंग बदलली जाते आणि दोष चहाला दिला जातो. `u`, `i`, `o` दाबल्यावर 4, 5, 6 आणि `j`, `k`, `l` दाबल्यावर 1, 2, 3 उमटत असेल, तर नम लॉक चालू झालं आहे. `@` च्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह येत असेल, तर कीबोर्डचा देश अमेरिकेऐवजी ब्रिटन झाला आहे. ज्यांच्या लॅपटॉपवर मराठी कीबोर्डही बसवलेला आहे, त्यांनी विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबून भाषा बदलून पाहावी.

यानंतर बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावा. त्यावर सगळं नीट उमटलं, तर दोष लॅपटॉपच्या कीबोर्डमध्येच आहे. इथे एक खाच आहे. आतल्या कीबोर्डचं कंट्रोल किंवा शिफ्ट चिकटून दाबलेलं राहिलं असेल, तर बाहेरच्या कीबोर्डवरही त्याचा परिणाम होतो, कारण विंडोज ही बटणं दोन्ही कीबोर्डची मिळून धरतं. `p` दाबल्यावर छपाईची खिडकी उघडली, तर शंका इथेच घ्यावी. विंडोजचं बटण आणि `r` दाबून हे लिहा:

```
osk
```

अडकलेल्या बटणामुळे हे लिहिताच येत नसेल, तर सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या भागातून माउसने ऑन-स्क्रीन कीबोर्ड चालू करा. पडद्यावर कीबोर्ड दिसेल. तुम्ही काहीही दाबलेलं नसताना त्यातलं एखादं बटण उजळलेलं दिसत असेल, तर तेच अडकलं आहे. विंडोज सुरू होण्याआधीच्या बायोसच्या पडद्यावरही चुकीची अक्षरं येत असतील, तर सॉफ्टवेअरचा प्रश्नच उरत नाही.

कोणती बटणं बिघडली, ते कागदावर लिहा

हे काम कंटाळवाणं आहे, पण निदान इथेच होतं. नोटपॅड उघडा, प्रत्येक बटण ओळीने एकदा दाबा आणि काय उमटलं ते लिहून ठेवा: काहीच नाही, एकाऐवजी दोन अक्षरं, दुसरंच अक्षर, की आपोआप पुन्हा पुन्हा तेच.

या यादीचा अर्थ लावण्यासाठी कीबोर्ड आतून कसा असतो ते माहीत हवं. लॅपटॉपमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. बटणांखाली प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर चांदीयुक्त शाईने रेषा छापलेल्या असतात, आणि मधल्या पापुद्र्याला बटणाच्या जागी भोक असतं. बटण दाबलं की रबराची टोपी वरच्या पापुद्र्याला खाली ढकलते आणि वरची रेषा खालच्या रेषेला टेकते. आडव्या आणि उभ्या रेषांची जाळी असते, आणि कोणती आडवी कोणत्या उभीला टेकली यावरून लॅपटॉप अक्षर ओळखतो. म्हणजे एकेका रेषेवर अनेक बटणं असतात, आणि ती कीबोर्डवर एकमेकांच्या शेजारी असतातच असं नाही. गल्लीची पाइपलाइन फुटली की त्या लाइनवरची सगळी घरं कोरडी पडतात, शेजारच्या लाइनवरची नाही. इथेही तसंच होतं.

आता यादी पाहा. एकच बटण जड झालं असेल किंवा चिकटून राहत असेल, तर त्याच्या वरच्या, अक्षर छापलेल्या टोपीखाली साखर वाळली आहे. हा सगळ्यात हलका बिघाड. एका अक्षराबरोबर दुसरंही उमटत असेल, आणि दुसरं दाबल्यावर पहिलंही येत असेल, तर शेजारच्या दोन रेषांमध्ये चहाच्या वाळलेल्या थरातून वीज पाझरते आहे. एकमेकांपासून दूरची चार-पाच बटणं एकदम मेली असतील, तर त्यांची सामायिक रेषा झिजून तुटली आहे किंवा कीबोर्डला मदरबोर्डशी जोडणारी चपटी पट्टी तिथल्या खाचेत नीट बसलेली नाही.

एक उदाहरण घेऊ. चहा उजव्या बाजूला सांडला आहे. `o` दाबल्यावर `ol` उमटतं, `l` दाबल्यावरही दोन्ही अक्षरं येतात, `i` आणि `k` चंही तसंच. शिवाय `0`, `/` आणि बॅकस्पेस पूर्ण बंद आहेत, आणि एंटर जड झालं आहे. म्हणजे इथे तिन्ही प्रकार एकत्र आहेत. जोडी-जोडीने उमटणं आणि जड झालेलं एंटर सफाईने सुधारण्याची शक्यता चांगली आहे. `0`, `/` आणि बॅकस्पेस यांची आशा कमी, कारण झिजलेली चांदी धुऊन परत येत नाही. हे आधी कळलं, तर सफाईवर किती वेळ घालायचा ते ठरवता येतं.

सफाई: आधी पाणी, मग अल्कोहोल

बहुतेक जण थेट आयसोप्रोपिल अल्कोहोल ओततात. चहाच्या बाबतीत हे अपुरं पडतं, कारण साखर शुद्ध अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. ती पाण्यातच विरघळते. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या बाटलीवर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड असं लिहिलेलं पाहून घ्या; बॅटरीचं अ‍ॅसिड वेगळं असतं. नळाचं पाणी क्षार मागे ठेवतं. अल्कोहोलचं काम दुसरं आहे: उरलेलं पाणी ओढून घेऊन लवकर उडून जाणं. त्यासाठी 99 टक्क्यांचं घ्या. हातावर लावायचं सॅनिटायझर चालत नाही, त्यात चिकट द्रव्यं असतात. नेलपॉलिश रिमूव्हर तर मुळीच नको. त्यातलं अ‍ॅसिटोन प्लास्टिक खातं.

लॅपटॉप बंद करा आणि चार्जर काढा. शक्य असेल तर मागचं झाकण उघडून बॅटरीची जोडणी आधी सोडवा. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा आणि तंत्रज्ञाकडे न्या.

ज्या बटणांवर शंका आहे त्यांच्याच अक्षर छापलेल्या टोप्या काढा. प्लास्टिकची चपटी पट्टी टोपीच्या कडेखाली घालून हळूच उचला. खाली कात्रीसारखी दोन बारीक पाती दिसतात. त्यांचे आकडे केसासारखे नाजूक असतात आणि मोडले की टोपी बसत नाही. एका बाजूने टोपी सुटत नसेल तर जोर लावू नका, दुसऱ्या बाजूने पाहा. स्पेसबार, एंटर आणि शिफ्ट यांखाली तारेचे आकडे असतात, म्हणून ती बटणं गरज असेल तरच काढा.

कापसाचा इअरबड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून पिळून घ्या. ओलसर हवा, थेंब पडणारा नको. रबराची टोपी, पाती आणि त्यांच्या भोवतालचा भाग पुसा. काळपट चिकटपणा निघेपर्यंत बड बदलत राहा, मग कोरड्या बडने टिपा आणि शेवटी अल्कोहोलच्या बडने पुसा. किमान एक दिवस उघडं वाळू द्या आणि मगच चालू करून यादीतली बटणं पुन्हा तपासा.

एक लक्षात ठेवा: बाहेरून केलेली सफाई पापुद्र्यांच्या मध्ये पोहोचत नाही. म्हणून कधी दोन अक्षरं उमटणं थांबतं आणि आठवड्याने परत सुरू होतं. वाळलेली साखर हवेतला ओलावा धरते, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात हे अधिक जाणवतं. एकदा सुधारून पुन्हा बिघडलं, तर सफाई पुन्हा पुन्हा करत बसू नका. कीबोर्ड बदलायची वेळ आली आहे.

कीबोर्ड बदलताना

आधी कीबोर्ड कसा बसवला आहे ते पाहा. जुन्या ढंगाच्या काही लॅपटॉपमध्ये तो स्क्रू काढून वरून उचलता येतो. पातळ लॅपटॉपमध्ये मात्र तो हात टेकतात त्या वरच्या झाकणाला प्लास्टिकच्या अनेक बारीक खिळ्यांनी वितळवून चिकटवलेला असतो. हे खिळे तोडून नवा कीबोर्ड बसवता येतो, पण पुन्हा घट्ट धरायला चिकटवावं लागतं आणि काम किचकट आहे. तिथे झाकणासकट आलेला कीबोर्ड घेणं सोपं, थोडं महाग असलं तरी.

विकत घेताना लॅपटॉपच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळे कीबोर्ड असतात. जुन्याच्या मागच्या कागदावरचा पार्ट नंबर, पट्टी कुठून निघते, बटणांखालच्या दिव्याची वेगळी तार आहे का, एंटरचा आकार आणि पॉवरचं बटण कीबोर्डवरच आहे का, हे जुळवून पाहा.

मदरबोर्डवर कीबोर्डची चपटी पट्टी ज्या खाचेत जाते, तिला बारीक कुलूप असतं. काहींत ते वर उचलायचं, काहींत बाहेर सरकवायचं असतं. कुलूप न उघडता पट्टी ओढली, तर खाच मोडते आणि मग दुरुस्ती मदरबोर्डवर जाते. नवी पट्टी सरळ आत शेवटपर्यंत जाऊ द्या आणि मग कुलूप लावा. सगळे स्क्रू लावण्याआधी एकदा चालू करून सगळी बटणं तपासा. पट्टी जरा तिरकी बसली तरी काही बटणं मेलेली दिसतात आणि तुम्हाला नवा कीबोर्डच खराब वाटतो.

पट्टी दोनदा सरळ बसवूनही जुन्या यादीतलीच बटणं चुकत असतील, तर दोष मदरबोर्डवर आहे. खाचेजवळ पांढरा किंवा हिरवट थर दिसतो का पाहा. हे घरी खरवडू नका, त्यासाठी मायक्रोस्कोप आणि सफाईची साधनं असलेला तंत्रज्ञ लागतो. तोवर यूएसबी कीबोर्डवर काम चालतं. आतला कीबोर्ड मधेच अक्षरं टाकत असेल तर त्याची पट्टी काढून ठेवावी लागते, पण पॉवरचं बटण त्याच कीबोर्डवर असेल तर पट्टी काढल्यावर लॅपटॉप सुरूच होणार नाही, हे आधी तपासा. आणि ज्या दिवशी लॅपटॉप चालतो आहे, त्याच दिवशी महत्त्वाच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर घ्या, कारण मदरबोर्डवरचा तो थर चालू विजेखाली वाढत जातो.