कपाटे, शेल्फ आणि टीव्ही भिंतीला बांधण्याची तयारी

मूल रांगणे सोडून उभे राहू लागले, की दोन-चार महिन्यांतच ते चढू लागते. तेव्हा ड्रॉवर त्याला ड्रॉवर दिसत नाही, जिन्याची पायरी दिसते. म्हणून या तयारीतले पहिले काम असे, की घरातल्या प्रत्येक खोलीत जमिनीवर मांडी घालून बसावे आणि तेथून हाताला काय लागते ते पाहावे. आमच्या घोडबंदर रोडवरच्या घरात मी असा बसलो, तेव्हा माझ्या मनात धाक होता तो जुन्या लोखंडी कपाटाचा. प्रत्यक्षात सर्वांत धोकादायक वस्तू निघाली ती मुलाच्या खोलीतली चार ड्रॉवरची ठेंगणी पेटी, जेमतेम शंभर सेंटिमीटर उंचीची. घरातल्या कोणालाही तिची कधी भीती वाटली नव्हती.

ही पेटी का पडते, याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहिला म्हणजे बाकीच्या वस्तूंचा क्रम आपोआप लागतो. पेटीचा सांगाडा पंचवीस किलोचा आहे. कपड्यांसह प्रत्येक ड्रॉवर पाच किलोचा धरला, तर चारांचे वीस किलो होतात. पेटीची खोली चाळीस सेंटिमीटर असल्यामुळे सगळे ड्रॉवर बंद असताना हा पंचेचाळीस किलोचा भार पुढच्या पायांच्या साधारण वीस सेंटिमीटर मागे असतो, म्हणजे पेटीला मागे धरून ठेवणारा जोर ४५ गुणिले २०, म्हणजे ९०० भरतो. आता चारही ड्रॉवर पंचवीस सेंटिमीटर बाहेर ओढले, की त्यांचा भार पायांच्या मागून पुढे येतो. सांगाड्याचे ५०० उरतात, त्यातून ड्रॉवरचे १०० वजा होतात आणि हाती ४०० राहतात. अकरा किलोचे मूल खालच्या ड्रॉवरवर उभे राहून वरच्या ड्रॉवरला लोंबकळले, तर त्याचे अंग पायांच्या सुमारे चाळीस सेंटिमीटर पुढे झुकलेले असते. ११ गुणिले ४० म्हणजे ४४०. पेटी पडण्यास इतके पुरते. मुलाने उडी मारण्याची किंवा हिसका देण्याचीही गरज नाही, आणि आपण एक ड्रॉवर उघडून, हाताने हलवून पाहिलेली पेटी मात्र अगदी भक्कम वाटते.

या हिशेबातून कामाचा क्रम असा ठरतो. ड्रॉवर असलेल्या वस्तू सर्वांत आधी बांधाव्यात, त्यातही ज्यांच्यावर टीव्ही ठेवला आहे त्या. त्यानंतर उंच आणि उथळ पुस्तकांचे शेल्फ, कारण अठ्ठावीस सेंटिमीटर खोलीच्या शेल्फला मागे धरून ठेवणारे अंतर जेमतेम चौदा सेंटिमीटर असते. दारांची कपाटे त्यांच्यानंतर आली तरी चालतील, फक्त दाराच्या मुठीला मूल लोंबकळते हे विसरू नये. बांधणी होईपर्यंतच्या दिवसांत जड कपडे आणि जाड पुस्तके तळाला उतरवावीत, ड्रॉवरना बालसुरक्षेची कुलपे लावावीत आणि रिमोट, खेळणी, बिस्किटांचा डबा या ज्या वस्तूंसाठी मूल चढते, त्या वरून काढाव्यात. हे सगळे बांधणीच्या जोडीचे उपाय आहेत, तिच्याऐवजी करण्याचे नव्हेत.

यानंतर भिंत ओळखावी. ठाणे आणि नवी मुंबईत एकाच मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या भिंती वेगवेगळ्या निघू शकतात, आणि काम बहुधा इथेच फसते. आमच्याकडे पहिल्यांदा बोलावलेल्या फिटरने घाईघाईत छोटी गिट्टी, म्हणजे स्क्रूला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची खुंटी ठोकली, स्क्रू आवळला आणि "दादा, एकदम घट्ट आहे" असे सांगून तो गेला. रात्री मी कपाटाला भिंतीशी बांधणारा पट्टा दोन बोटांनी ओढला, तर गिट्टी पांढऱ्या भुकटीसह हातात आली. ती अर्ध्याहून अधिक नुसत्या जिप्समच्या गिलाव्यात बसली होती आणि मागच्या ब्लॉकला तिचे जेमतेम टोक टेकले होते.

ड्रिलमधून पडणारी भुकटी भिंतीची ओळख सांगते. कपाटामागे झाकली जाईल अशा जागी बारीक बिटने एक चाचणी छिद्र पाडावे आणि खाली कागद धरावा. पहिला पांढरा किंवा करडा थर गिलाव्याचा असतो. तो संपल्यावर लाल पूड आली तर भिंत विटेची आहे. सिडकोच्या जुन्या वसाहतींत असे पुष्कळदा दिसते. बिट अडून राहिले, ड्रिलचा हॅमर चालू केल्यावरच पुढे सरकले आणि करडी बारीक पूड आली, तर ते काँक्रीट, म्हणजे नव्या टॉवरमधली, साच्यात ओतलेली मायवानची भिंत. हॅमर नसतानाही बिट लोण्यात शिरावे तसे आत गेले आणि फिकी, भुसभुशीत पूड पडली, तर तो हलका ब्लॉक आहे, ज्याला आपल्याकडे सर्रास सिपोरेक्स म्हणतात. ठोकल्यावर पोकळ आवाज येणारी जिप्सम बोर्डाची आडभिंत असेल, तर तिच्यात कपाट बांधूच नये. ते दुसऱ्या भिंतीकडे हलवावे.

काँक्रीटमध्ये आठ मिलिमीटरचे छिद्र, साधी नायलॉनची गिट्टी आणि पन्नास मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. सळई लागली तर हट्ट न करता चार-पाच सेंटिमीटर बाजूला सरकावे. विटेच्या भिंतीत छिद्र विटेत पडले पाहिजे, दोन विटांमधल्या सांध्यात नव्हे. बिट एकाएकी सैल आत गेले की सांधा लागला असे समजावे. खरी काळजी सिपोरेक्समध्ये घ्यावी लागते. तिथे हॅमर बंद ठेवावा, नाहीतर छिद्र मोठे होऊन गिट्टी फिरत राहते. गिट्टीही हलक्या ब्लॉकसाठी मिळते ती, कडेला पंख किंवा पीळ असलेली आणि लांब घ्यावी. आमच्या भिंतीत गिलावा बारा मिलिमीटरचा होता, म्हणून साठ मिलिमीटरची गिट्टी गिलाव्याच्या पार आत, पूर्णपणे ब्लॉकमध्ये बसेल असे ऐंशी मिलिमीटर खोल छिद्र पाडले. तेवढ्या अंतरावर बिटला आधीच चिकटपट्टीची खूण केली होती, म्हणजे पलीकडच्या खोलीत बिट निघण्याची भीती उरली नाही. कोणत्याही भिंतीतले छिद्र गिट्टी घालण्यापूर्वी फुंकून किंवा हातपंपाने साफ करावे. भुकटीत बसलेली गिट्टी आवळताना घट्ट वाटते आणि ओढल्यावर निघते.

छिद्र पाडण्याआधी वायर कुठून गेली असेल ते पाहणे या यादीतून कधीही वगळू नये. स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच उंचीवर आडवा असा पट्टा टाळावा, त्या खोलीचा एमसीबी पाडावा आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत पाण्याचा पाइप असू शकतो हे धरून चालावे.

आता कपाटाची बाजू. तयार फर्निचरची मागची फळी बहुतेक वेळा तीन मिलिमीटरची, खिळ्यांवर अडकवलेली असते. तिच्यात पट्टा लावला तर संकटाच्या वेळी फळी भिंतीला राहते आणि कपाट पुढे येते. स्क्रू वरच्या किंवा बाजूच्या जाड फळीत, साधारण अठरा मिलिमीटरच्या, आधी बारीक छिद्र पाडून घ्यावा, आणि फळीच्या कडेत न घेता सपाट अंगात घ्यावा, कारण कडेला पार्टिकल बोर्ड फुटतो. लोखंडी कपाटाच्या पातळ पत्र्यात स्क्रू धरत नाही. तिथे छताला आरपार छिद्र पाडून आतून रुंद वॉशर आणि नट लावावा आणि त्यावर एल आकाराची पट्टी बसवावी. प्रत्येक वस्तूला वरच्या दोन्ही कोपऱ्यांत मिळून दोन पट्ट्या हव्यात, कारण मधली एकच पट्टी असली तर पेटी पिळून एका बाजूने पुढे येऊ शकते. प्लॅस्टिकचे झिप-टाय, दुहेरी चिकटपट्टी आणि नायलॉनची सुतळी या कामाला घेऊ नयेत. झिप-टाय काही काळाने ठिसूळ होतात आणि चिकटपट्टी शेवटी भिंतीला नव्हे, रंगाला चिकटलेली असते.

आपल्याकडची एक अडचण म्हणजे स्कर्टिंगची लादी. ती भिंतीपुढे बोटभर आलेली असते, म्हणून कपाट भिंतीला टेकतच नाही आणि मागे फट राहते. तेवढ्या जाडीचा लाकडी ठोकळा पट्टीमागे घालावा किंवा आवळता येणारा पट्टा घ्यावा, आणि पट्टा तारेसारखा ताठ करावा. वरच्या हिशेबात पेटी पुढे झुकायला सुरुवात होते तेव्हा ४४० मधून ४०० वजा जाऊन फक्त ४० उरतात, म्हणजे पंचाण्णव सेंटिमीटर उंचीवर बांधलेल्या ताठ पट्ट्यावर अर्धा किलोचाही ताण येत नाही. मुलाने हिसका दिला तर तो काही पटींनी वाढेल, इतकेच. तोच पट्टा चार-पाच सेंटिमीटर सैल असेल, तर मुलासह छप्पन्न किलोचा भार आधी वेग घेतो आणि मग गिट्टीला झटका देतो. शिवाय पेटी जितकी झुकते, तितके ड्रॉवर आपणहून आणखी बाहेर येतात. स्क्रू जाड घ्यावा की बारीक, यावर दुकानात पुष्कळ वेळ घालवणारे लोक पट्टा आवळताना मात्र घाई करतात, असे मी पाहिले आहे.

काम झाले की मुलाला दुसऱ्या खोलीत पाठवून परीक्षा घ्यावी. बॅग तोलायचा हातातला काटा वरच्या कडेला अडकवावा आणि एकाने पुढून धरून ठेवलेले असताना दुसऱ्याने हळूहळू वीस-पंचवीस किलोपर्यंत ओढावे. पट्टी बसलेल्या जागी गिलाव्यावर केसासारखी भेग दिसली, स्क्रूचे डोके अगदी मिलिमीटरभरही वर आले किंवा भुकटी गळली, तर ती गिट्टी बाद समजावी आणि नवे छिद्र निदान पाच सेंटिमीटर दूर घ्यावे.

टीव्हीला उत्तम जागा भिंतीवरची, आणि पुढे ओढता येणाऱ्या हातापेक्षा भिंतीलगतची स्थिर चौकट बरी, कारण ओढलेला हात म्हणजे गिट्टीवरची पहार असते. ज्यांना टीव्ही टेबलावरच ठेवायचा आहे, त्यांनी त्याच्या पाठीमागच्या चार छिद्रांपैकी वरच्या दोहोंत योग्य मापाचे स्क्रू घालून दोन पट्टे थेट भिंतीला न्यावेत. ते टेबलाला बांधले, तर टेबलासकट टीव्ही येतो. टेबलही वेगळे बांधावे आणि लोंबणाऱ्या वायरी पन्हळीत घालाव्यात.

भाड्याच्या घरात मालकांना आधी संदेश पाठवून लेखी होकार घ्यावा आणि घर सोडताना छिद्रे पुट्टीने बुजवून देऊ असे त्यातच लिहावे. आमच्या मालकांनी एका ओळीत परवानगी दिली. सोसायटीच्या दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत ड्रिल चालवू नये.

पावसाळ्यात पार्टिकल बोर्ड ओल धरून फुगतो आणि सुकला की स्क्रूभोवती सैल पडतो, म्हणून दिवाळीच्या साफसफाईत कपाटामागे झाडू फिरवताना प्रत्येक पट्टा बोटाने छेडून पाहावा. गंजलेला स्क्रू स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने बदलावा आणि सफाईसाठी सोडलेला पट्टा त्याच दिवशी परत आवळावा.