भिंतीमागचा भार: पसरलेला, पट्ट्याचा आणि रेषेचा, मातीचा दाब किती वाढवतो ते कसे काढावे

"भिंतीला हातसुद्धा लावलेला नाही, साहेब. फक्त मागची जागा सपाट केली आणि गाड्या लावायला सुरुवात केली." उतारावरचा प्लॉट, खालच्या बाजूला काळ्या दगडाची रिटेनिंग वॉल आणि वर मुरुमाचा भराव, हे चित्र नाशिकमध्ये म्हसरूळपासून पाथर्डीपर्यंत कुठेही दिसते. मालकाचे म्हणणे खरे असते. भिंत तीच असते, तिच्यावर येणारा दाब मात्र बदललेला असतो.

मागच्या जमिनीवर ठेवलेले वजन मातीतून भिंतीवर आडवे ढकलते. असे वजन तीन प्रकारांनी येते. सगळ्या जागेवर पसरलेला एकसमान भार, ठरावीक रुंदीचा पट्टा (म्हणजे आतला रस्ता) आणि एका रेषेतला भार (म्हणजे कंपाउंडची भिंत). तिघांचे गणित वेगळे आहे, पण एकच भिंत धरून चालले तर ते हाताने करता येते. इथे सगळे आकडे टनात आणि भिंतीच्या एक मीटर लांबीसाठी आहेत. तुमच्या नकाशावर किलोन्यूटन असतील तर 10 किलोन्यूटन म्हणजे जवळपास 1 टन धरा.

आधी मोकळ्या भिंतीचा हिशेब

उदाहरणाची भिंत 4 मीटर उंच, माथ्यावर 0.6 आणि तळाशी 1.8 मीटर रुंद आहे. मागची बाजू उभी सरळ, उतार पुढच्या बाजूला. दगडी बांधकाम 2.4 टन प्रति घनमीटर धरले तर तिचे वजन साधारण 11.5 टन होते. पुढच्या पायथ्याभोवती, ज्याला आपण टो म्हणतो, हे वजन 13.25 टन-मीटरचे आघूर्ण, म्हणजे फिरवणारा जोर, देते. भिंतीला उलटू न देणारी ताकद ती हीच.

मागे चांगला मुरूम आहे: घनता 1.8 टन, घर्षणकोन 30 अंश. अशा मातीसाठी दाबाचा गुणांक एक तृतीयांश येतो.

```
Ka = (1 - sin 30) / (1 + sin 30) = 0.333
P  = 0.5 × Ka × 1.8 × 4² = 4.8
```

मातीचा दाब खाली वाढत जाणारा त्रिकोण असतो, म्हणून हे 4.8 टन तळापासून 1.33 मीटरवर, म्हणजे उंचीच्या एक तृतीयांशावर, लागतात. उलटवणारे आघूर्ण 6.4 टन-मीटर. 13.25 ला 6.4 ने भागले की सुरक्षा गुणक 2.07 मिळतो. भिंत ठीक आहे.

मागे काळी माती भरली असेल तर हे गणित लावूच नका. ती पाण्याने फुगते, आणि तिच्या फुगण्याचा दाब या सूत्रात कुठेच नाही.

एकसमान भार: जोर कमी वाढतो, आघूर्ण जास्त

समजा मागच्या सगळ्या जागेवर प्रत्येक चौरस मीटरला 1 टन भार आला. सुट्या वाळूचा साठ-पासष्ट सेंटिमीटरचा थर पसरला तरी तेवढे होते. कांद्याचा ढीग असेल तर दोन मीटरच्या आतच हा आकडा गाठला जातो. महामार्गाच्या भिंतींसाठी भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमांत वाहनांच्या भाराऐवजी 1.2 मीटर जादा मातीचा भराव धरतात, तो 2 टनांच्या थोडा वरच जातो. म्हणजे 1 टन हा काही भयंकर आकडा नाही.

या भाराचा एक तृतीयांश भाग भिंतीवर आडवा येतो आणि माथ्यापासून तळापर्यंत सारखाच राहतो.

```
P = Ka × q × H = 0.333 × 1 × 4 = 1.33
```

हे 1.33 टन लागतात भिंतीच्या मध्यावर, 2 मीटरवर. आघूर्ण 2.67. आता तुलना करा: जोर 4.8 वरून 6.13 झाला, म्हणजे 28 टक्के वाढला, पण उलटवणारे आघूर्ण 6.4 वरून 9.07 झाले, म्हणजे 42 टक्के वाढले. मातीचा दाब खालून ढकलतो, वरचा भार उंचावरून ढकलतो. घागर कमरेशी धरली तर पेलते आणि हात लांब करून धरली तर जड होते, तसेच हे. नुसते टन मोजून "थोडेच तर वाढले" म्हणणारे इथेच फसतात.

सुरक्षा गुणक 1.46 वर येतो. त्याहून वाईट गोष्ट पायाखाली घडते. मोकळ्या भिंतीत सगळ्या बलांची परिणामी रेषा टोपासून 0.6 मीटरवर, म्हणजे पायाच्या मधल्या तृतीयांशाच्या कडेवर होती. आता ती 0.36 मीटरवर सरकते, मागचा भाग जमिनीवरून उचलू पाहतो आणि टोखालचा दाब 13 वरून 21 टन प्रति चौरस मीटर होतो.

घसरणीचा हिशेब वेगळा करावा लागतो. पाया कठीण मुरुमात असेल आणि घर्षण 0.6 धरले तर 6.9 टन प्रतिकार मिळतो. 4.8 टनांपुढे तो 1.44 पट आहे, 6.13 पुढे 1.13 पटच. पाया मुरुमात रुतवलेला नसेल तर मला एवढ्यावर झोप लागणार नाही.

रेषीय भार: कंपाउंडची भिंत

आता पसरलेला भार विसरा. त्याच मोकळ्या भिंतीमागे, दीड मीटर अंतरावर विटांचे कंपाउंड बांधले. 23 सेंटिमीटर जाड आणि 2 मीटर उंच विटा, शिवाय पाया धरून मीटरला 1.5 टन वजन होते.

इथे पहिला प्रश्न अंतराचा. अंतराला उंचीने भागा: 1.5 भागिले 4 म्हणजे 0.375. हे 0.4 किंवा त्याहून कमी असेल तर तेर्झागीच्या सूत्रानुसार भाराच्या 0.55 पट आडवा जोर येतो. त्याहून जास्त असेल तर दुसरे सूत्र.

```
x/H ≤ 0.4 :  P = 0.55 × Q
x/H > 0.4 :  P = 0.64 × Q / ((x/H)² + 1)
```

आपल्याकडे 0.55 × 1.5 म्हणजे सुमारे 0.82 टन. आकडा किरकोळ वाटतो. पण या दाबाचा आकार पोट फुगल्यासारखा असतो. माथ्यावर शून्य, उंचीच्या जवळपास चौथ्या भागावर (इथे माथ्यापासून 0.9 मीटर खाली) सर्वाधिक, मग ओसरत जातो. एकूण जोर तळापासून उंचीच्या सुमारे 0.6 पटीवर, 2.43 मीटरवर लागतो. आघूर्ण 2 टन-मीटर. मीटरला जेमतेम दीड टनाची भिंत उलटवण्याच्या बाबतीत आख्ख्या पसरलेल्या भाराच्या तीन चतुर्थांश काम करते.

कंपाउंड 3 मीटर मागे घेतले तर जोर 0.61 टनावर येतो. कमी होतो, संपत नाही. "भंगाच्या पाचरीबाहेर भार गेला की प्रश्न मिटला" असे साइटवर सर्रास ऐकू येते. भिंत सरकली की तिच्यामागे जो मातीचा तुकडा घसरतो ती ही पाचर, आणि आपल्या भिंतीसाठी ती माथ्यावर 2.3 मीटरपर्यंत पोचते. पाचरीच्या हिशेबाने 3 मीटरवरचा भार शून्य, माती लवचीक धरणाऱ्या वरच्या सूत्राने 0.61. खरे दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असते, आणि मी मोठा आकडा घेतो.

पट्टा भार: आतला रस्ता

भिंतीपासून 1 मीटर सोडून 3 मीटर रुंद रस्ता केला, त्यावर 1 टन प्रति चौरस मीटर. भिंतीच्या तळापासून वर पाहत पट्ट्याच्या जवळच्या आणि लांबच्या कडेपर्यंत रेषा काढा आणि उभ्या रेषेशी त्यांचे कोन मोजा. जवळच्या कडेचा कोन 14.04 अंश, लांबच्या कडेचा 45 अंश.

```
P = (q × H / 90) × (θ2 - θ1)
  = (1 × 4 / 90) × (45 - 14.04) = 1.38
```

हे 1.38 टन तळापासून 2.18 मीटरवर लागतात. आघूर्ण 3 टन-मीटर.

थांबा, इथे काहीतरी खटकायला हवे. तोच 1 टन सगळ्या जागेवर पसरला तेव्हा 1.33 टन आले, आणि फक्त 3 मीटरच्या पट्ट्यावर ठेवला तर 1.38? पट्टा तर त्या जागेचा एक तुकडा आहे.

गणित चुकलेले नाही, गृहीतके वेगळी आहेत. एक तृतीयांश गुणांक पुढे किंचित झुकणाऱ्या भिंतीचा आहे. भिंत सरकते, मातीचे स्वतःचे घर्षण जागे होते आणि माती थोडा भार स्वतः पेलते. दाट मुरुमात त्यासाठी उंचीच्या हजाराव्या भागाइतके, म्हणजे 4 मीटरला 4 मिलिमीटर सरकणे पुरते. पट्ट्याचे सूत्र अजिबात न हलणाऱ्या भिंतीचे आहे, त्यात मोकळ्या जमिनीतला दाब दुप्पट धरलेला असतो. वर स्लॅबने बांधलेल्या तळघराच्या भिंतीला ते बरोबर लागू पडते. आपल्या मोकळ्या दगडी भिंतीला ते थोडे कडक आहे, पण चूक झाली तर सुरक्षित बाजूने होते. तळघराच्या भिंतीला एक तृतीयांश गुणांक लावणे ही चूक मात्र धोक्याच्या बाजूची.

एकत्र आले की

प्रत्यक्षात भार एकेकटे येत नाहीत. रस्ता आणि कंपाउंड दोन्ही असतील तर 6.4 + 3 + 2 म्हणजे 11.4 टन-मीटर. सुरक्षा गुणक 1.16. परिणामी रेषा टोपासून अवघ्या 16 सेंटिमीटरवर, आणि टोखालचा दाब 48 टन प्रति चौरस मीटर. कठीण मुरुमावरही कोणी जबाबदार अभियंता एवढा धरणार नाही.

यात पाण्याचा एक थेंब धरलेला नाही. पाणी बाहेर जायला भिंतीत ठेवलेले वीप होल बुजले आणि पावसाळ्यात भराव माथ्यापर्यंत भरला तर एकट्या पाण्याचा दाब 8 टन होतो. त्यामुळे भार मोजायच्या आधी वीप होलमध्ये सळई घालून पाहा.

अशी भिंत अडचणीत आहे हे ओळखायला ओळंबा पुरतो. माथ्यावर खूण करून महिन्याला एकदा अंतर मोजा. सुरुवातीला चार-पाच मिलिमीटर सरकून थांबली तर घाबरायचे कारण नाही. दर महिन्याला आकडा वाढत असेल, मागच्या फरशीवर भिंतीला समांतर लांब भेग पडली असेल, किंवा कंपाउंड भिंतीकडे कलले असेल, तर गाड्या त्याच दिवशी हलवा.

वरच्या उदाहरणात मी मालकाला भिंत पाडायला सांगणार नाही. विटांचे कंपाउंड काढून जाळीचे कुंपण करा आणि रस्ता 1 मीटरऐवजी 2.5 मीटरवरून सुरू करा. पट्ट्याचा जोर 0.98 टनावर येतो, तोही खाली 1.77 मीटरवर लागतो, आणि आघूर्ण 3 वरून 1.73 होते. सुरक्षा गुणक 1.63, टोखाली 17 टन. मधल्या अडीच मीटरांत जास्वंद लावा, ट्रक नको.