गल्फमधून परत आलात? बायोडेटात हुद्द्याखाली एक ओळ टाका

मी ९ वर्षं मस्कतला चार्जहँड होतो, परत आल्यावर रबाळे एमआयडीसीत इंटरव्ह्यूला गेलो तर एचआरची मुलगी विचारते, म्हणजे बॅटरी चार्ज करायचं काम का? तिची चूक नाही, फोरमनच्या खालच्या टीम लीडरला तिकडे चार्जहँड म्हणतात, इकडे हा शब्द कोणी वापरतच नाही.

मग मी असं केलं:

१. हुद्दा लेटरवर आहे तसाच ठेवला, खाली साध्या भाषेत लिहिलं: "फोरमनच्या खाली मी, माझ्या हाताखाली १४ टेक्निशियन, ३ बिल्डिंगचे एसी प्लांट, कामाचं वाटप आणि ब्रेकडाऊन माझ्याकडे." पुढच्या ठिकाणी थेट चिलरवरच प्रश्न आले.

२. पीएफच्या यूएएन रेकॉर्डमध्ये परदेशातली वर्षं दिसत नाहीत, एचआरला वाटतं माणूस घरीच बसला होता. म्हणून एक्स्पिरियन्स लेटर, पासपोर्टवरच्या व्हिसाच्या पानांची झेरॉक्स आणि तिकडच्या बँकेत पगार जमा झाल्याचं स्टेटमेंट एकाच पीडीएफमध्ये, मागायच्या आधीच. स्टेटमेंट तिकडचं खातं बंद करायच्या आधीच काढा, नंतर फार फेऱ्या होतात (मी मारल्यात).

फक्त चार्जहँडचा "मॅनेजर" करू नका, व्हेरिफिकेशनमध्ये लेटरशी जुळलं नाही तर हातातली ऑफर जाते.